तीन तास उन्हाचा ब्लॉग

बागकाम हा नवख्या माणसाच्या ब्लॉगचा विषय होऊ शकत नाही. पाककृती, प्रवास, आरोग्य, पालकत्व, गुंतवणूक हेही होऊ शकत नाहीत. ही पुस्तकांच्या दुकानातल्या कप्प्यांवरची नावं आहेत. तिथे कप्पा शोधणारा माणूस निदान दुकानात तरी आलेला असतो. गूगलवर शोधणारा ‘बागकाम’ असं लिहून वाचत बसत नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर तो फोनवर लिहितो, ‘कुंडीतली कोथिंबीर पिवळी का पडते’. त्याला त्या कोथिंबिरीचं उत्तर हवं असतं, आणि ते कुणी लिहिलंय याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. ज्याचं नाव कुणाला माहीत नाही अशा लेखकासाठी ही एकुलती एक फट आहे. नामवंताचं ‘माझी बाग’ लोक वाचतील. तुमचं-आमचं वाचायला त्यांना कारण लागतं.

ब्लॉगवाले ज्याला ‘नीश’ म्हणतात ती निवडताना दोन वेगळ्या गोष्टी ठरवाव्या लागतात आणि नवखे लोक बहुधा पहिलीच ठरवून थांबतात. पहिली म्हणजे क्षेत्र: बाग, स्वयंपाक, शिवणकाम. दुसरी म्हणजे कोन: या क्षेत्राकडे कुठे उभं राहून बघायचं, कुणासाठी आणि कोणती अडचण पुढ्यात ठेवून. क्षेत्रात गर्दी असली तरी फार बिघडत नाही. कोनात गर्दी असली तर मात्र संपलंच.

2002 सालच्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमधल्या ज्यूली पॉवेल या कारकुनी नोकरी करणाऱ्या तरुणीने स्वयंपाकावर ब्लॉग सुरू केला. ती उत्तम सुगरण नव्हती, तिच्याकडे नवीन पाककृतीही नव्हत्या. तिने ज्यूलिया चाइल्ड यांचं फ्रेंच स्वयंपाकाचं गाजलेलं पुस्तक उघडलं आणि जाहीर केलं की यातले 524 पदार्थ 365 दिवसांत घरच्या इवल्याशा स्वयंपाकघरात करणार. त्यावर पुढे पुस्तक आलं, 2009 मध्ये चित्रपट आला. पण तो नंतरचा भाग. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की क्षेत्र जुनंच होतं आणि कोन एका वाक्यात सांगता येत होता. तसाच दुसरा कोन 2012 मध्ये स्कॉटलंडमधल्या मार्था पेन या नऊ वर्षांच्या मुलीचा. शाळेत रोज मिळणाऱ्या जेवणाच्या ताटाचा फोटो काढायचा आणि त्याला गुण द्यायचे. किती घास झाले, किती पौष्टिक होतं, आणि केस निघाले का, तेही मोजायचं! स्थानिक प्रशासनाने तिला फोटो काढायला बंदी केली, त्यावर इतका गहजब झाला की बंदी लगेच मागे घ्यावी लागली. शाळेच्या आहारावर तज्ज्ञांनी लिहिलेले अहवाल कमी नसतील, पण त्या ताटासमोर रोज बसणारी ती होती.

या दोघींची प्रसिद्धी आपल्या वाट्याला यायची शक्यता जवळपास नाही, आणि तिच्या आशेवर विषय निवडूही नये. प्रसिद्धी न मिळताही चालेल असा कोन कसा शोधायचा, हे मात्र आपल्याकडच्या एका उदाहरणावरून नीट पाहता येईल.

समजा, डोंबिवलीत राहणाऱ्या एक बाई आहेत. नुकत्याच नोकरीतून निवृत्त झाल्यात, तिसऱ्या मजल्यावर घर, लोखंडी ग्रिल लावलेली छोटी गॅलरी, तोंड उत्तरेकडे. गेली काही वर्षं त्या कुंड्यांमध्ये काहीबाही लावतात. काही जगतं, बरंच मरतं. त्यांना बागेवर ब्लॉग लिहायचा आहे. वाचक म्हणाल तर नात्यातले, सोसायटीतले आणि जुन्या कचेरीतले मिळून तीस-चाळीस लोक.

पहिला मोह होईल तो ‘गच्चीवरची बाग’ या नावाचा. पण त्यांच्याकडे गच्ची नाही! बागकामाचा बहुतेक सल्ला दिवसाला सहा तास ऊन गृहीत धरून दिलेला असतो, आणि यांच्याकडे तेवढं कधीच येत नाही. इथे बाईंना वाटेल की आपण लिहायला अपात्र आहोत. खरं तर कोन इथेच सापडतो. मुंबई, ठाणे, पुणे इथल्या इमारतींमध्ये निम्म्या गॅलऱ्या तरी भलत्याच दिशेला असणार किंवा समोरच्या इमारतीच्या सावलीत असणार. त्या घरांतली माणसंसुद्धा रोपवाटिकेतून मिरचीचं रोप आणतात आणि त्याला फुलं का येत नाहीत म्हणून खतं बदलत बसतात.

आता या कोनाला धार कशी येते ते बघा. इंग्रजीत ‘उत्तरेकडची बाल्कनी’ या विषयावर भरपूर लिहिलेलं आहे, पण त्यातलं बरंच ब्रिटन-अमेरिकेतलं. लंडनचा सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांच्या वर जातो, मुंबईचा सव्वातेराच्या आसपास. तिकडे उन्हाळा हा भाजीचा हंगाम, म्हणजे ऊन आणि सुखद हवा एकत्र येतात. आपल्याकडे गंमत उलटी आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य पूर्वेच्या किंचित उत्तरेला उगवतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत तर मुंबईत भर दुपारीसुद्धा तो डोक्यावरून जरासा उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणजे उत्तरेच्या गॅलरीत थेट ऊन येतं ते एप्रिल-मेमध्ये, सकाळ-संध्याकाळ तिरपं, मिळून दोन-तीन तास. जूनमध्ये ढग येतात. आणि कोथिंबिरीचा खरा हंगाम, म्हणजे थंडी सुरू झाली की तिथे थेट ऊन शून्य. ऊन असतं तेव्हा कोथिंबिरीला उकाडा सोसत नाही, हवा चांगली असते तेव्हा ऊन नसतं. हा तिढा बाहेरच्या कुठल्याही लेखाचं भाषांतर करून सुटणार नाही. तो या बाईंनी काही वर्षं भोगलेला आहे, आणि तेच त्यांचं भांडवल.

गूगलने शोधनिकालांचा दर्जा तपासणाऱ्या माणसांसाठी जी मार्गदर्शिका केलेली आहे, तिच्यात डिसेंबर 2022 मध्ये ‘प्रत्यक्ष अनुभव’ हा निकष आणखी वाढवला. त्याने लगेच कुणाचा ब्लॉग वर येतो असं नाही. पण स्वतःच्या कुंडीचे आठवड्या-आठवड्याचे फोटो असलेला लेख आणि इकडून तिकडून जमवलेला लेख यांतला फरक वाचकालाही कळतो.

कोन सुचला म्हणजे ब्लॉग सुरू करायचा असं नाही. आधी दोन शंका फेडायच्या: हे कुणी विचारतंय का, आणि विचारणाऱ्याला आज काय मिळतंय?

पहिल्यासाठी गूगलच्या शोधपट्टीइतकं फुकट आणि प्रामाणिक साधन दुसरं नाही. ब्राउझरची खासगी खिडकी उघडायची, नाहीतर आपलाच जुना शोध मध्ये येतो. मग अर्धंच वाक्य लिहून थांबायचं: ‘सावलीत येणाऱ्या’, ‘गॅलरीत कोणत्या’, ‘कुंडीत मेथी’. खाली ज्या सूचना येतात ती लोकांनी खरोखर लिहिलेली वाक्यं असतात. मराठी माणसाच्या बाबतीत एक पायरी वाढवावी लागते. हेच शब्द रोमन लिपीत लिहून बघायचे, `kundit methi kashi lavavi` असे, कारण पुष्कळ लोक अजून तसंच टाइप करतात आणि तिथे वेगळ्या सूचना निघतात. निकालपानाच्या तळाशी आणखी काही संबंधित शोध दिलेले असतात, तेही वहीत उतरवून घ्यायचे. ज्या शब्दांत विचारलंय त्याच शब्दांत. ‘रोप लांबडं होऊन पडतं’ असं कुणी विचारलं असेल तर तिथे ‘प्रकाशाच्या अभावामुळे होणारी अनियमित वाढ’ असं लिहून ठेवायचं नाही.

यूट्यूबवरच्या गाजलेल्या बागेच्या व्हिडिओखाली तर सोन्याची खाण असते. व्हिडिओ बघायचा नाही, खालचे प्रश्न वाचायचे. ‘आमच्याकडे ऊनच येत नाही, काय लावू?’ अशा जातीचे प्रश्न आणि त्यांना मिळालेलं उत्तर एक तर नसतं किंवा ‘धन्यवाद ताई’ असतं. ज्या प्रश्नाकडे मोठा माणूस वेळ नाही म्हणून दुर्लक्ष करतो, तो छोट्या ब्लॉगाचा पहिला लेख.

गूगल ट्रेंड्सवर मराठी वाक्यं घालून बघितली तर बऱ्याचदा पुरेशी माहिती नाही असं उत्तर येतं. गूगलच्या जाहिरातदारांसाठीच्या कीवर्ड प्लॅनरमध्येही, तुम्ही जाहिरातीवर पैसे खर्च करत नसाल तर, नेमका आकडा मिळत नाही. महिन्याला दहा ते शंभर शोध, अशी लांबरुंद पट्टी मिळते. नवखा माणूस इथे हबकतो. हबकू नये. महिन्याला वीस माणसं एक लेख शोधत आली आणि असे तीस लेख असले, तर ती सहाशे माणसं झाली, आणि त्यातल्या प्रत्येकाकडे सावलीतली गॅलरी आहे. ज्या विषयाला महिन्याला लाखभर शोध आहेत तिथे पहिल्या पानावर बँका, वर्तमानपत्रं आणि पगारी लेखकांच्या फौजा बसलेल्या असतात. कर्ज आणि विमा यांवर लिहा, तिथे जाहिरातीचा भाव चढा असतो, हा सल्ला फार लोक देतात. भाव चढा असतो हे खरं, पण तो तुम्हाला मिळायची वेळच येत नाही. शिवाय पैसा आणि आरोग्य या विषयांत चुकीच्या सल्ल्याने माणसाचं नुकसान होतं म्हणून गूगल तिथे जास्त काटेकोर असतं, आणि ते योग्यच आहे.

दुसरी शंका, म्हणजे आज काय मिळतंय, ही फेडायला पहिल्या पानावरचे दहाही निकाल उघडून वाचावे लागतात. हे कंटाळवाणं काम आहे आणि नेमकं हेच लोक टाळतात. ‘मेथी लागवड’ शोधून बघा. मराठीत जे मिळतं ते बहुतेक शेतकऱ्यासाठी लिहिलेलं: हेक्टरी बियाणं किती किलो, सरी-वरंबा की सपाट वाफा, खताची मात्रा किती. माहिती चोख, पण ग्रिलमध्ये दोन कुंड्या असलेल्या माणसाने हेक्टरी किलोचं काय करायचं? बाकीचे लेख ‘किमान सहा तास ऊन हवे’ म्हणून मोकळे होतात. फोटो कुणाच्या तरी परदेशी बागेतले. कुठेही ‘आमच्याकडे असं केलं, हे मेलं, हे जगलं’ असं वाक्य नाही. दहापैकी सात-आठ निकाल असे निघाले तर जागा मोकळी आहे. उलट, एखाद्याने स्वतःचे फोटो घालून, तुमच्याच अडचणीवर तपशिलात लिहिलेलं सापडलं, तर कोन थोडा वळवावा, उगाच त्याच्याशी झुंजू नये. आणि दहाही निकालांत विषयाशी संबंधित काहीच नसेल तर आनंदून जाऊ नये. कदाचित तो प्रश्न कुणाला पडतच नसेल. अशा वेळी पुन्हा शोधपट्टीकडे जायचं.

यानंतर वही घेऊन एका बैठकीत तीस शीर्षकं लिहायची. माझ्या मते सगळ्या परीक्षांत ही सर्वांत निर्दय. अट एकच: प्रत्येक शीर्षक म्हणजे कुणाला तरी खरोखर पडलेला प्रश्न असला पाहिजे. आपल्या बाईंची यादी अशी सुरू होईल. उत्तरेच्या गॅलरीत वर्षभर काय जगतं: पुदिना, अळू, नागवेल, ओव्याची पानं. टोमॅटो आणि मिरचीचा नाद इथे का सोडावा. मेथी लांबुडकी होऊन कोलमडते तेव्हा काय चुकलेलं असतं. पावसाळ्यात उगवलेली रोपं बुडाशी कुजून आडवी का होतात. खालच्या मजल्यावर पाणी न टपकवता कुंडीला पाणी कसं घालायचं. ग्रिलवर किती वजन टाकावं. एप्रिलमध्ये कुंड्या कुठे सरकवायच्या आणि ऑक्टोबरमध्ये परत कुठे आणायच्या. गावाला जाताना पाण्याची सोय काय.

अकराव्या-बाराव्या शीर्षकाला हात थांबतो आणि ‘पुदिन्याचे औषधी गुणधर्म’ असं काहीतरी लिहिलं जातं. ते खोडायचं. ते सगळीकडे आहे, बाईंना त्यातलं स्वतःचं काही माहीत नाही, आणि ते थेट आरोग्याच्या प्रांतात घुसतं. खोडूनही यादी वीस-पंचवीसच्या पुढे सरकत नसेल, तर कोन फार चिंचोळा झाला आहे. ‘उत्तरेच्या गॅलरीतली मेथी’ एवढ्यावर ब्लॉग चालणार नाही. यादी सरसर साठवर गेली तर बहुतेक आपण पुन्हा ‘बागकाम’ या कप्प्यात जाऊन बसलो आहोत. यादी वाचताना आणखी एक बघावं. या माणसाला परत यायचं कारण आहे का? पासपोर्टचा अर्ज कसा भरावा यावरच्या लेखाला खूप वाचक मिळू शकतात, पण काम झालं की तो माणूस पुन्हा फिरकत नाही. मेथी पेरलेला माणूस आठ दिवसांनी ‘उगवली, पण बारीक का?’ म्हणून येतो, मग पावसात बुरशी घेऊन येतो. वाचक थोडे असताना परत येणारा वाचक हाच खरा आधार.

ते तीस-चाळीस नातेवाईक आणि शेजारी या टप्प्यावर उपयोगी पडतात, फक्त त्यांना ‘लेख कसा वाटला’ असं विचारायचं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर ‘खूप छान’ आणि एक अंगठा एवढंच येतं. त्यातल्या कुंड्या असलेल्या तिघा-चौघांना लेख पाठवून विचारायचं, ‘हे वाचून तुम्ही आज काय कराल, आणि कुठे अडाल?’ सोसायटीतल्या कुणी म्हटलं की ‘ते सगळं ठीक, पण अंकुर आले की कबुतरं खाऊन टाकतात’, तर एकतिसावं शीर्षक मिळालं.

नाव देताना मात्र सगळी धार तिथे ओतू नये. लेख कितीही नेमके असोत, नावात थोडी ऐसपैस जागा असावी. नुसतं ‘उत्तर गॅलरी’ ठेवलं आणि बाई उद्या मुलीकडे पुण्यात पश्चिमेच्या गच्चीवर राहायला गेल्या, तर पत्ता बदलावा लागेल, आणि ब्लॉगाचा पत्ता बदलला की लोकांनी एकमेकांना पाठवलेले जुने दुवे तुटतात. ‘कमी उन्हातली बाग’ सारखं नाव दोन्हीकडे चालतं.

दहा-बारा लेख झाले आणि चारेक महिने उलटले की कोन बरोबर होता का ते दिसायला लागतं. त्याआधी रोज आकडे बघणं म्हणजे बी उकरून बघण्यासारखं. गूगलचं सर्च कन्सोल हे फुकट साधन ब्लॉगाला जोडलं की कोणत्या शोधासाठी आपला लेख किती वेळा दाखवला गेला, किती जणांनी तो उघडला आणि सरासरी कितव्या क्रमांकावर होता, हे कळतं. गेल्या सोळा महिन्यांपर्यंतची नोंद तिथे राहते.

तिथे काहीच दिसत नसेल तर आधी `site:` पुढे ब्लॉगचा पत्ता लिहून गूगलवर शोधावं. निकाल रिकामा आला तर बहुधा गूगलने पानंच नोंदवलेली नाहीत, म्हणजे विषयाला दोष द्यायचं कारण नाही. पानं नोंदलेली आहेत, तरी कुणाला दाखवली जात नाहीत, तर असं कुणी शोधत नसावं. शीर्षकातले शब्द लोकांचे आहेत की आपले, ते तपासायचं. लेख दाखवला जातो पण पन्नाशीच्या पुढच्या क्रमांकावर, याचा अर्थ पुढे बलवान मंडळी आहेत आणि प्रश्न आणखी नेमका करायला हवा: ‘कुंडीतली कोथिंबीर’ ऐवजी ‘ऊन नसलेल्या गॅलरीत कोथिंबीर’. आणि क्रमांक चांगला असूनही कुणी उघडत नसेल, तर एक तर शीर्षक मिळमिळीत आहे, किंवा प्रश्न इतका सोपा आहे की उत्तर शोधपानावरच मिळून जातंय. ‘मेथी किती दिवसांत उगवते’ हा तसला प्रश्न. त्यावर अख्खा लेख खर्च करू नये.

सर्वांत रंजक असतात ते न मागता आलेले शोध. समजा बाईंनी पुदिन्याच्या लेखात ओघात लिहिलं की कबुतरं येतात म्हणून कुंडीवर जुनी भाजीची जाळीदार पिशवी ताणून बांधते. चार महिन्यांनी कन्सोलमध्ये दिसतं की त्या एका वाक्यामुळे लेख ‘गॅलरीत कबुतर उपाय’ यासाठी अठराव्या-विसाव्या क्रमांकावर दाखवला जातोय. दुसऱ्या पानाच्या शेवटी का होईना, पण एका वाक्यावर! यावर पूर्ण लेख लिहावा हे उघड आहे. कसा लिहावा, यात मात्र कोन टिकतो किंवा सुटतो. कबुतरांची जाळी कोण बसवून देतो, दर काय, कुठल्या जाडीची दोरी, असं लिहिलं तर वाचक भरपूर येतील, पण त्यांच्या घरात एकही कुंडी नसेल. पुढच्या मेथीच्या लेखाशी त्यांचा काही संबंध नाही, आणि तीन महिन्यांनी बाई जाळीवाल्यांचे दर तपासत बसलेल्या असतील. त्याऐवजी ‘कबुतरांपासून अंकुर कसे वाचवावेत’ लिहिलं तर वाचक कमी येतील आणि त्यातले बरेचसे आपले असतील.

हीच कसोटी पुढे ब्लॉग वाढवतानाही लागते. एका वेळी एकाच बाजूने वाढवायचं: वाचक तोच ठेवून अडचण नवी घ्यायची, नाहीतर अडचण तीच ठेवून वाचक नवा घ्यायचा. सावलीत पुदिना लावणाऱ्या माणसाला स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत चालेल, कुंड्यांवरून सोसायटीशी होणारा वाद चालेल, पूर्वेच्या खिडकीतला मोगराही चालेल. दिवाळी आली म्हणून टाकलेली चकलीची पाककृती चालणार नाही, ती कितीही खुसखुशीत झाली असली तरी.